टप्पा पडतो तेव्हा रॅकेट कुठे असते? वेगवान पहिली सर्व्हिस परतवण्याबद्दल

माझा भाचा सोळा वर्षांचा आहे. सोलापुरात वाढलेल्या बहुतेक पोरांसारखा तो आधी क्रिकेट शिकला आणि नंतर टेनिसकडे वळला. मागच्या हिवाळ्यात एका स्पर्धेत त्याची गाठ जोरदार सर्व्हिस करणाऱ्या एका मुलाशी पडली. दोन्ही सेट ६-२, ६-२ असे गेले. मॅच संपल्यावर तो म्हणाला, "मामा, बॉल दिसतोय सगळा, पण माझा हात पुढं येऊपर्यंत तो गेलेला असतोय."

दुखणं काय आहे ते त्याने एका वाक्यात नेमकं सांगितलं होतं. डोळ्यांत दोष नव्हता, पायांतही फारसा नव्हता. हात मागे जाण्यात जास्त वेळ जात होता. सुदैवाने त्याच्या मित्राने मॅचचा व्हिडिओ जाळीमागून मोबाईलच्या स्लो-मोशनवर घेतला होता, सेकंदाला २४० फ्रेमचा. आम्ही घरी बसून फ्रेम मोजल्या. पुढचा सगळा लेख त्या मोजणीवर उभा आहे.

समोरच्याच्या रॅकेटला बॉल लागल्यापासून आमच्या सर्व्हिस बॉक्समध्ये टप्पा पडेपर्यंत १२१ फ्रेम गेल्या, म्हणजे जवळपास अर्धा सेकंद. टप्प्यापासून भाच्याच्या रॅकेटपर्यंत आणखी ६७ फ्रेम, म्हणजे ०.२८ सेकंद. एकूण पाऊण सेकंदाहून थोडं जास्त. टेनिस कोर्ट एका बेसलाइनपासून दुसऱ्या बेसलाइनपर्यंत २३.७७ मीटर लांब असतं आणि भाचा बेसलाइनच्या मागे एक मीटरवर उभा होता. हिशेब केला तर ती सर्व्हिस रॅकेटवरून सुटताना ताशी १६० किलोमीटरच्या आसपास असावी. व्यावसायिक पुरुष खेळाडू २०० च्या घरात मारतात, पण स्थानिक स्पर्धेत १६० म्हणजे पुष्कळ झालं.

एक गोष्ट समजली की रिटर्नची निम्मी भीती जाते. १६० ने सुटलेला बॉल आपल्यापर्यंत १६० ने येत नाही. हवा त्याला वाटेत अडवते आणि टप्पा पडताना कोर्टाच्या घर्षणात त्याचा आणखी वेग जातो. हार्ड कोर्टवर तो आपल्या रॅकेटपाशी पोचतो तेव्हा जेमतेम निम्मा, म्हणजे ८० च्या आसपास वेग उरलेला असतो. वेळेचे दोन तुकडेही सारखे नाहीत. टप्प्याआधीचा अर्धा सेकंद बघण्याचा आणि वळण्याचा, तर टप्प्यानंतरचा ०.२८ सेकंद मारण्याचा. या दोन कामांची सरमिसळ झाली की रिटर्न बिघडतो.

भाच्याच्या व्हिडिओत हेच घडत होतं. सर्व्हिस निघाली की पहिले ०.२ सेकंद कुणाचंही शरीर काही करू शकत नाही, कारण बॉल कुठे चाललाय हे डोळ्यांनी टिपून मेंदूने हुकूम सोडायला तेवढा वेळ लागतोच. त्यानंतर तो खांदे वळवायचा आणि रॅकेट मागे न्यायला सुरुवात करायचा. इथपर्यंत ठीक. पण टप्पा पडला त्या फ्रेमला मी व्हिडिओ थांबवला, तर त्याची रॅकेट अजून मागेच चालली होती. टप्प्यानंतर आणखी ३० फ्रेम ती मागे जात राहिली, कुंपणाकडे तोंड करून. मग उरलेल्या ३७ फ्रेममध्ये, म्हणजे ०.१५ सेकंदात, तेवढा मोठा वळसा पुढे आणायचा. ते जमत नव्हतं. रॅकेट आणि बॉलची गाठ पडायची ती शरीराच्या पुढे नाही, मांडीच्या बाजूला.

उशीर किती, तर पाच फ्रेमचा, फक्त ०.०२ सेकंद. पण त्या वेळात ८० च्या वेगाचा बॉल ४५ सेंटिमीटर पुढे सरकतो. पोटासमोर हातभर अंतरावर मारायचा बॉल कमरेच्या रेषेत येऊन बसतो. तिथे रॅकेटचा चेहरा अजून बाहेरच्या बाजूला उघडा असतो, म्हणून उजव्या हाताच्या खेळाडूचा फोरहँड उजवीकडे बाहेर जातो, नाहीतर बॉल चौकटीला लागून उडतो. तुमचे वेगवान सर्व्हिसचे रिटर्न वारंवार त्याच बाजूला बाहेर जात असतील, तर नेम चुकतोय असं समजून निशाणा बदलू नका. तो उशीर आहे.

म्हणून मी भाच्याला तपासायला एकच खूण दिली: टप्पा पडतो त्या क्षणी रॅकेटचं मागे जाणं संपलेलं असलं पाहिजे. व्हिडिओ टप्प्याच्या फ्रेमवर थांबवा आणि रॅकेट बघा. बाकी सगळं त्यानंतर.

त्यासाठी बॅकस्विंग, म्हणजे रॅकेटचं हे मागे जाणं, लहान करायला हवं. आता ते लहान करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? "रॅकेट मागे नेऊ नको" असं सांगून भागत नाही. तसं सांगितलं की पोरं हात छातीशी आखडून घेतात आणि नुसत्या मनगटाने बॉल टोलवतात. रॅकेट मागे जाते ती खांद्यांबरोबर, हाताने वेगळी ओढायची नाही. तयारीत रॅकेट पोटासमोर असते आणि दुसऱ्या हाताची बोटं तिच्या गळ्यावर. बॉल फोरहँडला येतोय असं दिसलं की दोन्ही हात तसेच ठेवून खांदे आणि कंबर एकदम वळवायची. एवढ्यानेच रॅकेट मागच्या खांद्याच्या रेषेत पोचते. ती तिथेच थांबली पाहिजे. डोळ्यांच्या कडेने आपल्याला आपली रॅकेट दिसत असेल तर ती योग्य जागी आहे. दिसेनाशी झाली तर ती पाठीमागे गेली.

सवय लावायला आम्ही कोर्टाच्या मागच्या कुंपणाचा उपयोग केला. कुंपणाला पाठ करून अर्ध्या हाताच्या अंतरावर उभं राहायचं आणि समोरून कुणीतरी हलके बॉल टाकायचे. रॅकेट जास्त मागे गेली की खट्कन जाळीवर आपटते. पहिल्या दिवशी वीस बॉलमध्ये तेरा वेळा आपटली. आठवड्याने दोन-तीन वेळा. हे काम सकाळी सहाला उरकायचं. सोलापुरात फेब्रुवारी सरला की नऊनंतर कोर्टावर उभं राहवत नाही, आणि तापलेला बॉल जास्त उसळतो, त्यामुळे नवी सवय लावताना अडचणीत आणखी भर पडते.

आता ब्लॉक. या शब्दाने माझ्या भाच्याचा महिनाभर घात केला, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो.

क्रिकेटमध्ये ब्लॉक म्हणजे बॉल मारून टाकणं. हात सैल सोडायचे, बॅट बॉलबरोबर किंचित मागे येऊ द्यायची आणि बॉल पायाशी मेलेला पडला पाहिजे. सोलापूरच्या पार्क मैदानाच्या आसपास वाढलेल्या कुठल्याही पोराच्या हातात हे भिनलेलं असतं. भाच्याला मी "जोरदार सर्व्हिस नुसती ब्लॉक कर, वेग त्याचाच वापर" असं सांगितलं आणि त्याने रॅकेट बॉलसमोर धरून ठेवली. रिटर्न नेटमध्ये. पुढचा नेटच्या आधीच खाली. तो म्हणाला, "तुम्ही तर म्हणला वेग त्याचाच असतोय."

चूक माझ्या सांगण्यात होती. आकडे मांडले तर कळतं. रॅकेट जागेवर स्थिर धरली आणि बॉल तारांच्या मधोमध लागला, तर तो आल्या वेगाच्या ढोबळमानाने ०.४ पट वेगाने परत जातो. रॅकेट हलकी असते, आपटल्यावर ती स्वतः मागे ढकलली जाते, म्हणून भिंतीवरून यावा तसा बॉल परत येत नाही. ८० ने आलेला बॉल स्थिर रॅकेटवरून ३२ ने जाईल. या वेगाने तुम्ही तो कितीही उंच काढा, नऊ मीटरच्या पुढे जायचा नाही. आणि बेसलाइनच्या मीटरभर मागून नेट जवळपास तेरा मीटरवर आहे. म्हणजे नुसती रॅकेट धरून ठेवलेला ब्लॉक बेसलाइनवरून नेटपर्यंतही पोचत नाही. त्याचा वेग आपल्याला मिळतो खरा, पण पुरेसा मिळत नाही. (दुहेरीत नेटजवळ उभं राहून व्हॉली करताना स्थिर रॅकेट चालते, कारण तिथे अंतर थोडं असतं. तिथली सवय रिटर्नला आणू नका.)

रॅकेट पुढे सरकत असेल तर चित्र बदलतं. रॅकेटच्या स्वतःच्या पुढच्या वेगाचा १.४ पट भाग बॉलच्या वेगात मिळतो. कसा, तर रॅकेटच्या जागी बसून बघा. तिला बॉल अधिक वेगाने येताना दिसतो, त्याच्या ०.४ पट वेगाने तो तिच्यापासून उसळतो, आणि वर ती स्वतः त्याच दिशेने चाललेली असते. त्यामुळे रॅकेटचा वेग एकदा पूर्ण मिळतो आणि वर ०.४ भाग पुन्हा मिळतो. रॅकेट ताशी ३० ने पुढे आली तर त्यातून ४२ मिळाले. आधीचे ३२ धरून ७४. या वेगाचा बॉल जरासा वर काढला, नेटच्या दीड मीटर वरून जाईल असा, तर तो समोरच्या सर्व्हिस लाइनच्या पलीकडे मीटर-दीड मीटरवर पडतो. फार खोल नाही, पण समोरच्याला पुढे येऊन सहज ठोकता येईल इतका आखूडही नाही.

आता ताशी ३० हा वेग किती मोठा आहे ते पाहा. रॅकेट स्थिरपासून या वेगाला आणायला ४०-४५ सेंटिमीटरचा प्रवास आणि ०.१२ सेकंदाहून कमी वेळ पुरतो. आपल्याकडे टप्प्यानंतर ०.२८ सेकंद आहे. म्हणजे खांद्याच्या रेषेत थांबलेली रॅकेट तिथून पोटासमोर आणायला वेळच वेळ आहे. लहान बॅकस्विंग पुरतो तो यामुळे. पूर्ण फटक्याला रॅकेट याच्या तिप्पट वेगाने आणावी लागते, त्याला मोठा वळसा लागतो, आणि तो वळसा टप्प्याआधीच सुरू करावा लागतो, जेव्हा बॉल कसा उसळणार हे अजून माहीत नसतं.

हे भाच्याला आकड्यांनी पटलं नाही. मागामुळे पटलं. आमच्या जुन्या घरी यंत्रमाग होते आणि त्याने लहानपणी ते चालताना पाहिलेत. धोट्याला ढकलणारी काठी फार थोडी हलते, पण झटक्याने हलते, आणि धोटा कापडाच्या पूर्ण पन्ह्यातून पलीकडे जातो. मी म्हटलं, तसा थोडक्यात झटका, पण मनगटातून नाही, खांद्यातून आणि पुढे पडणाऱ्या पायातून. तो म्हणाला, "मग असं सांगायचं की आधीच."

तर टेनिसमधला ब्लॉक हा क्रिकेटच्या बचावापेक्षा सरळ बॅटने पुढे ढकललेल्या फटक्याच्या जवळचा आहे. पकड हातोडी धरतो तशी, म्हणजे कॉन्टिनेंटल, किंवा तिच्या जवळची. ती दोन्ही बाजूंना चालते, त्यामुळे पकड बदलण्यात वेळ जात नाही. रॅकेटचा चेहरा किंचित वर उघडा. गाठ शरीराच्या पुढे. विरुद्ध बाजूचा पाय पुढे टाकत वजन बॉलकडे, आणि रॅकेट जिथे बॉल पाठवायचा त्या दिशेने हातभर पुढे जाऊन थांबते. ती खांद्यावर गुंडाळायची नाही. मनगट घट्ट, पण दातओठ खाऊन नव्हे. बॉल तारांवर असतो तो जेमतेम ०.००५ सेकंद, तेवढ्यात मूठ आवळून वेग वाढत नाही. मनगट घट्ट हवं ते गाठ पडण्याआधी चेहरा ढळू नये म्हणून.

उभं कुठे राहायचं हा प्रश्न लोक सगळ्यात आधी विचारतात. मी तो मुद्दाम मागे ठेवला, कारण वेळेचा हिशेब कळल्याशिवाय त्याचं उत्तर नुसती सवय होऊन बसतं.

आधी आडवी जागा. समोरचा उजव्या हाताचा खेळाडू मधल्या खुणेच्या अर्धा मीटर बाजूला उभा राहून ड्यूस साइडला, म्हणजे आपल्या उजव्या हाताच्या बॉक्समध्ये, सर्व्हिस करतोय असं धरा. त्याच्याकडे दोन टोकं आहेत. एक, बॉक्सचा बाहेरचा कोपरा. दुसरं, मधली टी, म्हणजे सर्व्हिस लाइन आणि मधली रेषा मिळतात ती जागा. दोन्ही ठिकाणी टप्पा पडून बॉल पुढे जाऊ द्या आणि बेसलाइनवर तो कुठून पार होतो ते मोजा. बाहेरचा बॉल कोर्टाच्या मध्यापासून जवळपास साडेपाच मीटरवर पार होतो, म्हणजे एकेरीच्या साइडलाइनच्याही बाहेर जवळपास दीड मीटर. टीवरचा बॉल जवळजवळ मध्यातून जातो. या दोन्हींच्या बरोब्बर मधली जागा साइडलाइनच्या आत सव्वा मीटरवर येते. भाचा त्याहून मीटरभर आत, कोर्टाच्या मध्याकडे उभा राहायचा, कारण त्याला आपल्या अर्ध्या कोर्टाच्या मधोमध उभं राहणं बरोबर वाटायचं. मधोमध राहायचं ते समोरच्याच्या कोनाच्या, कोर्टाच्या नव्हे. समोरचा साइडलाइनकडे सरकला की आपणही तेवढ्या हिशेबाने बाहेर सरकायचं.

मग पुढे-मागे. इथे एक समज फार पक्का आहे की बॉल जोरात येतोय तर मागे सरका, वेळ मिळेल. वेळ मिळतो, पण किती? मीटरभर मागे गेलात तर ०.०४५ सेकंद. चपळ खेळाडू तेवढ्यात बाजूला तेरा-चौदा सेंटिमीटर सरकतो. पण सर्व्हिसचा कोन मागे जावं तसा फाकत जातो. त्याच मीटरमागे दोन टोकांमधलं अंतर बावीस सेंटिमीटरने वाढतं, म्हणजे प्रत्येक बाजूला अकरा. जवळजवळ फिट्टंफाट. आणि समोरच्याने कापून बाहेर वळणारी सर्व्हिस केली, तर टप्पा आखूड पडतो, कोन याहून मोठा होतो, आणि मागे उभा असलेला खेळाडू तोट्यात जातो. दानिल मेदवेदेव बेसलाइनच्या कित्येक मीटर मागे उभा राहतो आणि तिथून पूर्ण फटके मारतो, पण त्याची पोच आणि पाय तसे आहेत, शिवाय त्याच्याविरुद्धही बाहेरची वळणारी सर्व्हिस हा नेहमीचा उपाय आहे. आंद्रे अगासी नेमका उलट, बेसलाइनला चिकटून खेळायचा.

म्हणजे मागे जाण्याचा फायदा टोकाचे बॉल गाठण्यात फारसा नाही. तो आहे अंगावर किंवा हाताच्या पोचेत येणाऱ्या बॉलसाठी, जिथे हलायचं नसतं आणि वाचलेला सगळा वेळ फटक्याला मिळतो. त्यामुळे माझं मत असं: ब्लॉक करणार असाल तर बेसलाइनच्या मागे एका मीटरपेक्षा जास्त जाऊ नका. ब्लॉकला मुळात वेळ कमी लागतो, आणि मागून मारलेल्या ब्लॉकला नेट ओलांडायला जास्त अंतर कापावं लागतं. मागे जायचं तर मोठा फटका मारायलाच जा. मागे उभं राहून ब्लॉक करणं यात दोन्हीकडून तोटा आहे.

पायांबद्दल थोडंच. समोरच्याची रॅकेट बॉलला लागण्याच्या बेतात असताना छोटी उडी घ्यायची आणि गाठ पडल्यानंतर लगेच दोन्ही पाय जमिनीला टेकतील असं पाहायचं. बाहेरचा बॉल असेल तर पाय नुसता आडवा टाकायचा नाही, तिरका पुढे टाकायचा. पुढे गेलेल्या प्रत्येक मीटरमागे पंचवीस सेंटिमीटर कमी धावावं लागतं.

सरावाला १६० ची सर्व्हिस करणारा माणूस रोज मिळत नाही. मी सर्व्हिस लाइनवर उभा राहून १२० च्या आसपास मारायचो. तेवढ्या जवळून भाच्याला एकूण वेळ जवळजवळ तितकाच मिळतो. फरक इतकाच की टप्प्याआधीचा वेळ थोडा कमी आणि नंतरचा थोडा जास्त होतो, म्हणून खांदे वळवण्याची घाई शिकवायला ही पद्धत उत्तम आहे.

पाच आठवड्यांनी पुन्हा व्हिडिओ घेतला. टप्प्याच्या फ्रेमला रॅकेट थांबलेली होती. चाळीस सर्व्हिसपैकी एकतीस वेळा. रिटर्न कोर्टात पडले सव्वीस, आणि चुकलेल्यांपैकी बहुतेक बॅकहँडला अंगावर आलेले. त्यावर अजून काम चालू आहे. अंगावरच्या बॉलला बाजूला सरकून जागा करायची असते आणि तो अजून जागीच वाकतो.

दुसऱ्या सर्व्हिसला मात्र हे सगळं लावू नका. ती हळू येते. आपल्यापर्यंत पोचताना तिचा वेग ५० उरला असेल, तर स्थिर रॅकेटवरून फक्त २० मिळतात, बाकीचा वेग आपल्याला द्यावा लागतो. तिथे थोडा मोठा बॅकस्विंग घ्यायला वेळही असतो आणि गरजही. भाचा ब्लॉक शिकल्यावर काही दिवस दुसऱ्या सर्व्हिसलाही ब्लॉकच करायचा आणि समोरच्याला आयते आखूड बॉल द्यायचा.

गेल्या महिन्यात त्याच मुलाशी पुन्हा मॅच झाली. पहिल्या सेटमध्ये रिटर्न येऊ लागले तसं समोरचा सर्व्हिस करून थेट नेटकडे धावायला लागला. नेटच्या दीड मीटर वरून येणारा ब्लॉक त्याच्या खांद्याशी यायचा आणि तो व्हॉलीने संपवायचा. दुसऱ्या सेटमध्ये भाचा बेसलाइनच्या आत पाऊलभर शिरला. नेट जवळ आलं, म्हणून बॉल उंच काढायची गरज कमी झाली. रॅकेट वरून खाली थोडी कापत आणून तो बॉल धावणाऱ्याच्या बुटांपाशी टाकू लागला. तो सेट ७-५ गेला, समोरच्याच्या बाजूने. पण भाच्याने त्याची सर्व्हिस दोनदा तोडली.